आरशातली नथ कोणत्या नाकपुडीत? एका जाहिरातचित्राचं प्रकरण

म्हापशातल्या एका सोनाराला तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी नथीची जाहिरात हवी होती. दृश्य त्यांच्या मनात पक्कं होतं. जुन्या घरातली खोली, शिसवी चौकटीचा उभा आरसा, त्याच्यासमोर स्टुलावर पाठमोरी बसलेली नवरी. अंबाड्यावर अबोलीची फाती, पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडलेला, उजवा हात उजव्या कानाशी, कुडी नीट करताना. चेहरा आणि नथ दिसणार फक्त आरशात. एवढ्यासाठी घर भाड्याने घेऊन शूटिंग करणं परवडणार नव्हतं, म्हणून खोली, आरसा आणि प्रकाश इमेज मॉडेलकडून तयार करायचं ठरलं. मुलगी मात्र खरी होती. तिच्या लेखी संमतीने घेतलेले दोन संदर्भफोटो हाती होते. एक समोरून चेहऱ्याचा, नथ घातलेला. दुसरा पाठीमागून, हात कानाशी नेलेल्या त्याच बैठकीचा.

मॉडेलने दिलेली पहिली चित्रं क्षणभर मोह पाडणारी होती. लाकडाची चकाकी, खिडकीतून येणारा पावसाळी उजेड, सगळं जागच्या जागी. पाठमोरी नवरीही संदर्भाप्रमाणे बसलेली. आरशात मात्र दुसरीच बाई होती. चेहरा साधारण तसाच, पण आपल्या मुलीचा नव्हे. पाठमोऱ्या आकृतीचा उजवा हात चित्राच्या उजव्या बाजूला वर गेलेला, तर आरशातला हात डाव्या बाजूला. नथही चित्रात उजवीकडे, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत असते तिथे. आणि नवरी स्वतःचा चेहरा न्याहाळत असायला हवी, तर आरशातली बाई थेट आपल्याकडे पाहत होती.

हे चार वेगवेगळे दोष वाटतात, पण मूळ एकच आहे. मॉडेल प्रकाशाचा मार्ग मोजत नाही. आरशासमोर बसलेल्या माणसांची लाखो चित्रं पाहून त्याने एवढंच उचललेलं असतं की चौकटीच्या आत त्याच कपड्यातलं माणूस समोरून दिसतं. म्हणून ते माणसाला गोल फिरवून चौकटीत बसवतं. खरा आरसा माणसाला फिरवत नाही. तो डावं-उजवंही बदलत नाही, बदलतो ते फक्त पुढचं-मागचं. पाठमोऱ्या नवरीची डावी बाजू चित्राच्या डावीकडे असेल तर तिच्या प्रतिबिंबाचीही ती बाजू डावीकडेच राहते. पदराचा खांदा डावीकडे, नथ डावीकडे, कुडीकडे गेलेला हात उजवीकडे. नथ डाव्या नाकपुडीत घालतात, त्यामुळे प्रतिबिंबातला चेहरा वेगळा कापून पाहिला तर ती उजव्या नाकपुडीत घातल्यासारखी दिसते, आणि तसंच दिसायला हवं.

दुसरंही एक कारण आहे. अशी मॉडेलं शिकवताना चित्रांची संख्या वाढवण्यासाठी काही चित्रं आडवी उलटवून देण्याची पद्धत आहे. डिफ्यूझर्स या अशा मॉडेलांसाठीच्या प्रोग्रॅम-संग्रहाच्या नमुना स्क्रिप्टमध्ये त्यासाठी `--random_flip` हा पर्याय असतो. ज्या मॉडेलला अशी उलटी चित्रंही मिळाली, त्याला नथ कुठल्याही बाजूला चालते. एखाद्या व्यक्तीसाठी वेगळी लोरा, म्हणजे मूळ मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी, शिकवायची असेल, तर हा पर्याय बंद ठेवल्याशिवाय तीळ, भांग, नथ यांची बाजू टिकणार नाही. या कामात लोरा नव्हती, पण मुलीच्या डाव्या गालावर तीळ होता आणि भांग किंचित उजवीकडे. अशा चेहऱ्यात उलटसुलट लगेच कळतं.

प्रॉम्प्टमध्ये 'अचूक प्रतिबिंब' लिहून फरक पडत नाही. मॉडेलला अंतरं आणि दिशा चित्राच्या रूपात द्याव्या लागतात. म्हणून आधी ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये साधा सांगाडा उभा केला. एक भिंत, एक आरसा, एक बाहुला, एक कॅमेरा, सगळं मापात. बाहुल्याचं डोकं काचेपासून ६० सेंमीवर. कॅमेरा सुरुवातीला काचेपासून १.८ मीटरवर ठेवला आणि तिथेच एक गोष्ट उघड झाली. प्रतिबिंब काचेच्या जेवढं मागे, तेवढीच वस्तू काचेच्या पुढे. तेव्हा कॅमेऱ्यापासून खरं डोकं १.२ मीटरवर आणि आरशातलं २.४ मीटरवर. म्हणजे आरशातलं डोकं खऱ्याच्या निम्मं दिसणार. मॉडेलने मात्र दोन्ही जवळजवळ सारखी काढली होती. चित्र बघताना काहीतरी खटकत होतं पण बोट ठेवता येत नव्हतं, ते हेच.

निम्मा चेहरा सोनाराच्या कामाचा नव्हता, कारण नथ मोठी दिसायला हवी. यावर उपाय प्रतिबिंब फुगवणं नसून कॅमेरा मागे नेणं हा आहे. तो काचेपासून ४.२ मीटरवर नेला की खरं डोकं ३.६ वर आणि प्रतिबिंब ४.८ वर येतं, म्हणजे प्रमाण पाऊण. भिंग ५० मिमीचं ठेवून नंतर हवा तेवढा भाग कापून घेतला. कॅमेऱ्याची दिशा काचेला काटकोनात ठेवली, मात्र जागा मुलीच्या डावीकडे ७० सेंमी सरकवली. त्याने दोन गोष्टी साधल्या. आरशातला चेहरा तिच्या खऱ्या डोक्याआड जाईनासा झाला आणि नथीची बाजू आपल्याकडे किंचित वळली. उजव्या हाताचं कोपर प्रतिबिंबात बरंचसं तिच्या खऱ्या डोक्यामागे लपतं, हेही बाहुल्यावरच कळलं. मॉडेल ते कोपर प्रत्येक वेळी पूर्ण दाखवत होतं.

नजरेचा प्रश्नही इथेच सुटला. आरशातले डोळे आपल्या डोळ्यांना भिडत असतील, तर ती व्यक्ती आरशात आपल्याला पाहते आहे, स्वतःला नाही. स्वतःकडे पाहणारी नजर काचेला काटकोनात जाते. आपण तिच्या डावीकडे उभे असल्यामुळे तिची आरशातली नजर आपल्या बाजूने निसटून चित्रात उजवीकडे, तिच्याच डोक्याकडे जाते. फरक आठेक अंशांचा, पण माणसाचा डोळा तेवढा सहज ओळखतो.

आता ही माहिती मॉडेलला कशी द्यायची? ब्लेंडरमध्ये खरा आरसा ठेवून खोलीनकाशा, म्हणजे कॅमेऱ्यापासून प्रत्येक बिंदूचं अंतर दाखवणारा डेप्थ मॅप काढला, तर आरशाच्या जागी सपाट पाटी मिळते. अंतर मोजताना काचेचा पृष्ठभाग मोजला जातो, आतलं प्रतिबिंब नाही. असा नकाशा कंट्रोलनेटला, म्हणजे मॉडेलला चित्राची मांडणी पाळायला लावणाऱ्या जोडणीला, दिला की आरसा त्याच्या लेखी कोरी भिंत होते आणि आत काय काढायचं ते पुन्हा मॉडेलच्या मर्जीवर जातं. म्हणून आरसा काढून भिंतीला त्याच मापाची खिडकी पाडली आणि पलीकडे संपूर्ण खोलीची उलटी प्रत मांडली. बाहुला, स्टूल, खिडकी आणि दिवा, सगळं काचेच्या प्रतलाशी उलटं, म्हणजे त्या अक्षावर माप उणे एक. जुन्या व्हिडिओ गेममध्ये आरसे असेच करत. आता खोलीनकाशात प्रतिबिंब हे खिडकीपलीकडे बसलेलं खरं माणूस आहे आणि कंट्रोलनेटला ते नीट कळतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०२४ मध्ये आरशातली प्रतिबिंबं भरण्यासाठी मिररफ्यूजन हे मॉडेल केलं, त्यालाही दृश्याचा खोलीनकाशा सोबत द्यावा लागतो.

खोलीनकाशा शरीराचा आकार सांगतो, पण हात कोणता ते सांगत नाही. त्यासाठी शरीराचे सांधे बिंदू-रेषांनी दाखवणाऱ्या ओपनपोझचा रंगीत सांगाडा लागतो. इथे एक खाच आहे आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होतं. ओपनपोझमध्ये उजव्या आणि डाव्या अवयवांचे रंग वेगळे असतात. समोर तोंड केलेल्या माणसाचा उजवा खांदा चित्राच्या डावीकडे येतो, हे मॉडेलला पाठ असतं. आपल्या उलट्या बाहुल्याचा उजवा खांदा मात्र चित्राच्या उजवीकडे आहे, आणि तोंड समोर. तोच रंग ठेवून सांगाडा दिला, तर धड सांगतं 'पाठमोरी' आणि नाक-डोळे सांगतात 'समोरून'. मॉडेल यातून काहीतरी मधलंच काढतं. मान पिळवटलेली, खांदे उलटे, कधी हाताचा अंगठा चुकीच्या बाजूला. म्हणून प्रतिबिंबाच्या सांगाड्याची जागा तशीच ठेवायची आणि उजव्या-डाव्याच्या खुणांची अदलाबदल करायची. १८ बिंदूंच्या मांडणीत ती अशी:

```python
PAIRS = [(2,5), (3,6), (4,7), (8,11),
         (9,12), (10,13), (14,15), (16,17)]

def mirror_labels(kp):
    kp = list(kp)
    for r, l in PAIRS:
        kp[r], kp[l] = kp[l], kp[r]
    return kp
```

नाक आणि मान, म्हणजे ० आणि १, मध्यरेषेवर असल्याने तसेच राहतात. हे फक्त आरशातल्या आकृतीला लावायचं. पाठमोऱ्या आकृतीच्या खुणा मूळच्याच ठेवायच्या आणि तिचे नाक-डोळ्यांचे बिंदू काढून टाकायचे, नाहीतर मॉडेल तिलाही आपल्याकडे वळवतं.

एवढ्यावर हात, खांदे आणि आकार जुळले. चेहरा अजून जुळत नव्हता, आणि त्याची दोन कारणं होती. पहिलं, संदर्भफोटो, त्यातलं रूप चित्रात आणणाऱ्या आयपी-अॅडॅप्टरमधून सरळ दिला की तीळ, भांग आणि नथ सरळ फोटोप्रमाणेच येणार. आरशाच्या भागासाठी समोरचा फोटो आडवा उलटवून द्यावा लागतो आणि मास्क लावून त्याचा परिणाम फक्त त्या चौकटीत ठेवावा लागतो. दुसरं कारण चेहऱ्याच्या आकाराचं. १०२४ पिक्सेल उंचीच्या आपल्या चित्रात आरशातला चेहरा जेमतेम दोनशे पिक्सेलचा होता. एसडीएक्सएल हे आपलं इमेज मॉडेल चित्र आठपट आकसून त्यावर काम करतं, म्हणजे हा चेहरा त्याच्याजवळ २५ चौकड्यांचा उरतो आणि चार सेंमीच्या नथीला चार-पाच चौकड्या मिळतात. तेवढ्यात कुणाची ओळख टिकणार? म्हणून चेहऱ्याभोवतीचा भाग कापून १०२४ पर्यंत मोठा केला, तिथे उलटवलेला संदर्भ आणि त्याच भागाचा खोलीनकाशा देऊन `denoise`, म्हणजे आधीचं चित्र किती बदलू द्यायचं ते प्रमाण, ०.५ च्या आसपास ठेवून पुन्हा रंगवला, आणि लहान करून जागेवर बसवला. त्यापेक्षा जास्त ठेवलं की नजर पुन्हा आपल्याकडे वळू लागते, कमी ठेवलं की परकी बाई हटत नाही.

नथ मॉडेलवर सोडलीच नाही. मोती किती, मधला खडा कोणता, तार कुठे वळते हे दुकानाच्या मालाशी तंतोतंत जुळायला हवं होतं आणि ती अपेक्षा जनरेट केलेल्या दागिन्याकडून करता येत नाही. खऱ्या नथीचा फोटो काढला आणि तो उलटवून प्रतिबिंबात बसवला. फोटो काढताना एक पथ्य पाळलं. चित्रात खिडकीचा उजेड मुलीच्या डावीकडून, म्हणजे आरशातही चित्राच्या डावीकडून येतो. नथीचा फोटो नंतर उलटणार, तेव्हा काढताना दिवा उजवीकडे ठेवायला हवा. नाहीतर गालावरची चमक एका बाजूला आणि मोत्यावरची दुसऱ्या बाजूला जाते.

खरी परीक्षा दुकानात झाली. शेटनी चित्र पाहिलं आणि लगेच म्हणाले, "बाय, नथ उलटी लावलीस. ही आमची घडण नव्हे. आमच्या नथीचा बाक ह्या अंगाला असतो. गिऱ्हाईक म्हणेल, उजव्या नाकात घालायची नथ कुणी केली?"

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. नथ ही डाव्या नाकपुडीसाठीच घडवलेली वस्तू, आणि संपूर्ण जाहिरातीत ती एकदाच दिसत होती, तीही उलटी. मी त्यांना आरशाचा तुकडा कापून, आडवा उलटवून, मुलीच्या मूळ फोटोशेजारी ठेवून दाखवला. तीळ, भांग, नथ, बाक, सगळं एकावर एक. प्रतिबिंब खरं आहे की नाही याची हीच सर्वांत सोपी कसोटी. उलटवलेलं प्रतिबिंब सरळ फोटोसारखं दिसलं पाहिजे. न उलटवताच ते सरळ फोटोसारखं दिसत असेल, तर चित्र खोटं आहे.

शेटना ते पटलं, पण गिऱ्हाइकाची शंका राहिलीच. ती त्यांच्या आईने मिटवली. आजींनी कितीतरी नवऱ्यांना नथ चढवली आहे. चित्र हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, आरशात बघून घालताना ती ह्याच बाजूला दिसते. तिथे दाखवलीस तर बायका म्हणतील ही दुसऱ्याच कुणाची सावली." मग तडजोड अशी झाली. चित्र तसंच ठेवायचं आणि खालच्या पट्टीत नथीचा सरळ फोटो वेगळा द्यायचा. माझ्या मते हाच योग्य निर्णय होता. प्रतिबिंबात नथ 'दुरुस्त' केली असती, तर पदर, हात आणि तीळ एका बाजूला आणि नथ दुसऱ्या बाजूला, असं चित्र झालं असतं.

छापायला देण्यापूर्वी आणखी एक पडताळणी केली, तीही प्रत्येक आरशाच्या चित्रावर करता येते. खऱ्या वस्तूचा बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब यांना जोडणारी रेषा काचेला काटकोनात असते. म्हणजे अशा सगळ्या रेषा एकमेकींना समांतर आणि चित्रात त्या एकाच बिंदूकडे जायला हव्यात. कॅमेरा काचेकडे सरळ रोखलेला असेल तर तो बिंदू न कापलेल्या चौकटीच्या मध्यावर येतो. खांद्याचा माथा, कुडी, अबोलीच्या फातीचं टोक आणि स्टुलाचा कोपरा या चार जोड्या ओढल्या. तीन एकत्र आल्या, स्टुलाची भरकटली. मॉडेलने आरशातलं स्टूल थोडं वर काढलं होतं. तो भाग पुन्हा रंगवला.

शेटना त्याच मुलीचं दुसरं चित्र हवं होतं, फोंड्याकडच्या देवळांत असते तशा तळीच्या पायरीवर उभी, समोर तोंड, खाली पाण्यात प्रतिबिंब. इथे नियम वेगळा लागतो. पाणी वरचं-खालचं बदलतं. म्हणून नथ चित्रात जिथे आहे, पाण्यातली नथ बरोबर तिच्या खालच्या उभ्या रेषेवर, त्याच बाजूला यायला हवी. आकृती १८० अंशात फिरवून खाली चिकटवली की नथ दुसऱ्या बाजूला जाते. उभी उलटवली तर बाजू राहते, पण तेवढंही पुरत नाही. पाण्यातलं दृश्य हे पृष्ठभागाखाली तेवढ्याच खोल ठेवलेल्या कॅमेऱ्याने पाहिल्यासारखं असतं. त्यात हनुवटीची खालची बाजू दिसते, आणि डोक्यामागे दीपस्तंभाचा वरचा भाग किंवा आभाळ येतं.

मुलगी पाण्यापासून ३० सेंमी उंच पायरीवर, कडेपासून एक मीटर आत. कॅमेरा समोरच्या काठावर, त्या कडेपासून सहा मीटरवर, पाण्यापासून १.५ मीटर उंच. पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून कडेवरून रेषा ओढली की ती मुलीजवळ पोचेपर्यंत पाण्यापासून ६० सेंमी उंचीवर जाते. म्हणजे तिच्या पावलांपासून ३० सेंमीपर्यंतचा भाग पाण्यात दिसतच नाही, पायरी तो झाकते. मॉडेल पावलांसकट अख्खी मुलगी पाण्यात उतरवत होतं.

दुसरी अडचण उजेडाची. पाणी सरळ खाली पाहताना साधारण २ टक्के प्रकाश परत पाठवतं, लंबापासून ६० अंशांवर ६ टक्के, आणि ८० अंशांवर सुमारे ३५ टक्के. या मांडणीत डोक्याचा प्रकाश पाण्यावर जवळपास ६५ अंशांनी पडतो आणि ८ ते ९ टक्के परत येतो. साडीच्या खालच्या भागाचा ७३ अंशांनी, १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाण्यात साडी उठून दिसणार आणि चेहरा तिच्या निम्म्याने फिकट. हिरवट पाण्यात नथ शोधावी लागली असती.

शेट म्हणाले, नथ दिसली पाहिजे. पाण्यातली नथ हाताने उजळ करण्याऐवजी बाहुल्याच्या मांडणीत कॅमेरा पाण्यापासून ४० सेंमीवर आणला. डोक्याच्या प्रतिबिंबाचा उजेड दुप्पट, १७ टक्क्यांच्या आसपास झाला आणि पायरीआड जाणारा भाग १२ सेंमीवर आला. त्या उंचीवरून नवा खोलीनकाशा काढला आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून तयार केलं.